यादीत नावं नव्हती, फक्त कोड होते

2019 चा ऑगस्ट. गाड्यांची विक्री पडली होती आणि मोठ्या गाडी कंपन्या महिन्याआड ब्लॉक क्लोजर घेत होत्या, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवत होत्या. आमची चाकणची कंपनी त्यांना सुटे भाग पुरवायची, त्यामुळे आमच्याकडेही मशिनं थांबू लागली. मी पेरोल बघायचे. एका संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावून एक एक्सेल दिली. सप्टेंबरअखेर कमी करायच्या लोकांचा फुल अँड फायनल, म्हणजे जाताना द्यायचा शेवटचा हिशेब, किती येतो, ते काढायचं होतं. फाइलमध्ये नावं नव्हती, फक्त एम्प्लॉयी कोड. ‘नावं कळायला नकोत म्हणून,’ सर म्हणाले. पेरोलवालीला कोड दिले की चेहराच समोर येतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्यात शेजारच्या टेबलावरच्या डिस्पॅचवाल्या मुलाचा कोड होता. का होता, हेही कळत होतं. कपात करताना त्या-त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, असा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचा सर्वसाधारण नियम होता, आणि डिस्पॅचमध्ये तो सगळ्यात नवा होता.

फाइल शेअर्ड ड्राइव्हवर ठेवायची नव्हती. मी पासवर्ड टाकून ती फक्त माझ्या मशिनवर ठेवली आणि प्रिंट सरांच्या केबिनमधल्या प्रिंटरवर काढली. बाकी दिनक्रम जरासुद्धा बदलला नाही. पेरोलवालीने डबा टेबलावर खायला सुरुवात केली, तर कँटीनमध्ये दोन दिवसांत अफवा उठते.

अवघड गेलं ते वेगळंच. त्या मुलाने मोशीत फ्लॅट बघितला होता. ‘ताई, तीन महिन्यांच्या स्लिपा द्या ना, बँकेला हव्यात. हप्ता झेपेल ना?’ स्लिपा त्याच्या हक्काच्या, त्या दिल्या. मग सरांकडे गेले आणि याला काही सांगता येईल का, असं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, पण कारणही दिलं: यादी अजून पक्की नाही. ते खरंच होतं. पुढच्या दोन आठवड्यांत काही कोड गेले, काही नवे आले. आज सांगितलेलं उद्या खोटं ठरलं असतं, आणि एखाद्याने घाबरून आधीच राजीनामा दिला असता तर कपातीची भरपाईही गेली असती. हे कारण मला पटलं. मुलाची चिंता मात्र त्याने कमी झाली नाही.

मग सगळ्यांना दिसतंय तेवढंच बोलायचं ठरवलं. त्याला म्हटलं, ‘ओटी बंद आहे, ब्लॉक क्लोजर वाढतायत. बिल्डरला टोकन आत्ता देऊ नकोस, दिवाळीनंतर बघ.’ तो हिरमुसला. बायकोने रंगसुद्धा ठरवलेत, म्हणाला.

खरं काम फाइलमध्येच करता येण्यासारखं होतं. त्याच्या ओळीत ग्रॅच्युइटी शून्य दिसत होती, कारण फॉर्म्युला पाच वर्षांच्या आतल्या सगळ्यांना शून्य देत होता. तो डिसेंबर 2014 ला लागला होता, म्हणजे चार वर्षं नऊ महिने झाले होते. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले असतील तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्याची हजेरी काढली, दिवस भरत होते. हिशेब सोपा: मूळ पगार अधिक डीए 20,800, भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 12,000, पाच वर्षांचे 60,000. सर म्हणाले, निकाल मद्रासचा आहे, आपल्याला कशाला? मी म्हटलं, मग शेवटची तारीख डिसेंबरात न्या. त्यापेक्षा 60,000 स्वस्त पडत होते! लेबर कन्सल्टंटला फोन झाला, तोही द्या म्हणाला. तोच फॉर्म्युला आणखी एका ओळीत चुकत होता, तीही दुरुस्त झाली.

पत्रं एका सोमवारी दिली. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार, कपातीची भरपाई म्हणून दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि ग्रॅच्युइटी. भरपाईचा चेक पत्रासोबतच द्यायला लागतो, नंतर दिला तर कपातच बेकायदा ठरू शकते. म्हणून आदल्या शुक्रवारी उशिरापर्यंत थांबून सगळे तपासले होते.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. ‘ताई, तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘टोकनचं म्हणूनच म्हणालात?’

मी मान हलवली. तो चिडला होता, आणि ते त्याला शोभूनच दिसत होतं. थोड्या वेळाने पत्र उघडून त्याने ग्रॅच्युइटीच्या आकड्यावर बोट ठेवलं. ही कशी काय, अजून पाच कुठे झाली? 240 दिवसांचं मी त्याला समजावलं. मग पीएफच्या पोर्टलवर कंपनी सोडल्याची तारीख कधी चढवणार, ते त्याने विचारलं. ती चढली नाही तर पैसे अडकतात, हे त्याच्या भावाचं झालं होतं. महिन्याचं चलन भरलं की लगेच, असं सांगून मी त्याचा नंबर लिहून घेतला.