सुरमईचं लोणचं, तिसरी खेप: तुकड्याच्या पोटात अखेर ४.२

मंडळी, काल रात्री बरणीतला अगदी वरचा तुकडा काढून मधोमध कापला, पोटातला गर खरवडून थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात कुस्करला आणि पीएचची पट्टी बुडवली. रंग ४.२ वर थांबला. पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आंबट. दोन महिने याच आकड्याची वाट बघत होते, म्हणून लगेच लिहायला बसले.

दुसरी खेप कशी गेली ते मागे अर्धवटच सांगितलं होतं. बाराव्या दिवशी काचेला चिकटून बारीक बुडबुडे वर सरकताना दिसले आणि झाकण सैल करताच फुस्स आवाज आला. वास चांगला होता, तेलही बोटभर वर होतं. पण मासळीच्या बरणीत गॅस धरला की चाखून बघायचं नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष असलं तरी त्याला वास किंवा चव असेलच असं नाही. सगळं टाकायचं ठरवलं, पण त्याआधी हातमोजे घालून तपासलं. बरणीच्या तळाचा मसाला ४.० दाखवत होता, वरच्या तुकड्याचं पोट ५.६.

इथे कोडं सुटलं. मी तळलेले तुकडे, मसाला आणि तेल एकत्र करून शेवटी वरून व्हिनेगर ओतत होते. व्हिनेगर तेलात मिसळत नाही, ते निथळून तळाला जातं. वरचे तुकडे नुसत्या तेलात बुडालेले. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवतं. त्यामुळे बुरशीला आळा बसतो, पण बोट्युलिझमच्या जंतूला हवा नकोच असते. त्याला रोखायला पीएच ४.६ च्या खाली हवा, तोही तुकड्याच्या आतपर्यंत. नुसत्या मिठावर रोखायचं तर आतल्या पाण्यात सुमारे १० टक्के मीठ लागतं, आणि तेवढं खारट कोणी खाणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आंब्याचं लोणचं तर वर्षभर टिकतं की!" टिकतं, कारण कैरी स्वतःच आंबट असते. सुरमईत तो आंबटपणा आपल्याला घालावा लागतो.

म्हणून या वेळी क्रम उलटा केला. साफ केलेली १ किलो सुरमई, दोन सेंटिमीटरचे तुकडे, ६० ग्रॅम मीठ आणि हळद लावून चाळणीत, खाली पातेलं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सुटलेलं पाणी टाकलं, तुकडे टिपले आणि मध्यम आचेवर तळले. तुकड्याभोवतीचे बुडबुडे म्हणजे आतल्या पाण्याची वाफ, ते जवळजवळ थांबेपर्यंत काढायचे नाहीत. तळून ६४० ग्रॅम उरले. कागदावर तेल टिपून ते ३५० मिली व्हिनेगरमध्ये (४ टक्क्यांचं, उकळून गार केलेलं) पूर्ण बुडवले आणि फ्रिजमध्ये २४ तास ठेवले, मध्ये दोनदा हलवले. त्यानंतरच शेंगतेलात परतलेलं आलं-लसूण, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पूड, मोहरी आणि वर गार केलेलं तेल. पट्टी थेट मसाल्यात बुडवू नका, तेलाचा थर बसला की ती खोटं बोलते.

घरचा कांदा-लसूण मसाला यात घालू नका. कांद्याचा ओलावा बरणीत कशाला? आणि मासळी बर्फात आलेली हवी. रत्नागिरीहून आंबा घाट चढून येईपर्यंत बर्फ वितळला तर सुरमईत हिस्टामाइन हे विषारी द्रव्य तयार होतं, ते ना तळून जातं ना व्हिनेगरने. एका विक्रेत्याने मला कोमट मासे दिले होते, त्याच्याकडे परत गेले नाही.

४.२ आला तरी ही बरणी फ्रिजमध्येच राहणार, आणि महिन्याच्या वर नाही. थंडीत शेंगतेल थिजून गढूळ दिसतं, ते खराब नव्हे.

जवळ्याच्या चटणीचं थोडक्यात. पावसाळी हवेत जवळा ओल धरतो. २५० ग्रॅम मंद आचेवर भाजून २१५ भरला आणि चिमटीत चुरचुर मोडायला लागला, तेव्हा उतरवला. लसूण चिरून कोरडा, कुरकुरीत होईपर्यंत परतला. मागची चटणी कच्च्या लसणामुळे गोळे धरून बसली होती, ही अजून मोकळी आहे. सुकं खोबरं आता वाढताना घालते, कारण डब्यात सगळ्यात आधी तेच खवट होतं.

पुढची खेप बांगड्याची करणार होते. पण हे लिहिता लिहिता सुचलं, सोडे भिजवायला आपण पाणी का वापरतो? वाळलेला सोडा जे मिळेल ते पितो, मग थेट व्हिनेगरच पाजावं. बांगडा राहू दे. शनिवारी २०० ग्रॅम सोडे धुऊन, टिपून व्हिनेगरमध्ये टाकते आणि दर सहा तासांनी एक फोडून पट्टी लावते.