फ्लोरेन्समध्ये एका भांड्यापुढे दोन तास

उफ्फिझीची रांग टाळून आम्ही दोघी बहिणी सकाळी पियाझ्झा सांतिस्सिमा अन्नुन्झियाताकडे निघालो. दुओमोपासून रमतगमत पंधरा मिनिटं. तिथे फ्लोरेन्सचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. आत आमच्याशिवाय फार तर दहा-बारा माणसं असतील. ताईचा पहिला प्रश्न होता, "एका रांजणासाठी एवढं?"

रांजण म्हणजे फ्रान्स्वा भांडं. उंची 66 सेंटिमीटर, पीळदार कानांचं, मेजवानीत वाइनमध्ये पाणी मिसळायचं. इसवी सनपूर्व 570 च्या सुमारास अथेन्समध्ये घडवलं आणि 1844-45 मध्ये इटलीतल्या क्युसीजवळ प्राचीन एट्रस्कन लोकांच्या थडग्यांत तुकड्यांच्या रूपात सापडलं. 1900 साली संग्रहालयाच्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं आणि त्याचे 638 तुकडे झाले. सांधे आजही दिसतात. अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी दोनशेहून जास्त आकृत्या आहेत आणि शंभराहून जास्त लेख, बहुतेक नावंच. मी गेले ती या लेखांसाठी.

घरून निघताना मी खुणांची उजळणी केली होती. सिंहाचं कातडं दिसलं की हेराक्लिस, त्रिशूळ म्हणजे पोसायडन, दोन साप गुंफलेला दंड म्हणजे हर्मिस. आपल्याकडे शंख-चक्र पाहून विष्णू ओळखतो तसंच हे. पण हे गणित पहिल्याच ओळीत चुकलं. मधल्या, सगळ्यात रुंद पट्ट्यात पेलेउस आणि थेटिस यांचं लग्न आहे. नवरदेव पेलेउस घराबाहेर उभा आहे आणि पाहुण्यांची मिरवणूक येतेय. अगदी पुढच्या लोकांत दंड घेतलेली एक व्यक्ती दिसली. मी ताईला ठासून सांगितलं, "हा हर्मिस." दुर्बिणीतून नाव वाचलं तर इरिस! तीही देवांची निरोप्या, दंड तिच्याकडेही असतो. खरा हर्मिस बराच मागे, रथात. आणि त्याला दाढी असते, कारण या काळातला हर्मिस दाढीवालाच रंगवत. कोवळा पोरगेलासा हर्मिस नंतरचा. पुरुष-बाईचा फरक त्वचेच्या रंगावरून करायचा, बाईला पांढरा देत. पण तो पांढरा सहज झडतो, मग बाईही काळीच दिसते.

म्हणून माझा सल्ला: खूण पाहून अंदाज बांधा, पण नाव वाचल्याशिवाय पैज लावू नका.

वाचायचं कसं? ग्रीक येत नसलं तरी जमतं, फक्त अथेन्सची जुनी अक्षरं कागदावर उतरवून न्या, कारण छापील पुस्तकातली ग्रीक लिपी इथे पुरत नाही. वर्तुळात फुली म्हणजे ‘थ’. छोट्या शिडीसारखं दिसतं ते ‘ह’. पुढच्या काळात हेच अक्षर दीर्घ ‘ए’ झालं, त्यामुळे शाळकरी ग्रीक येणाराच इथे आधी अडखळतो. दीर्घ ‘ओ’ला वेगळं अक्षर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकृतीचं तोंड डावीकडे असेल तर नाव बरेचदा चेहऱ्यापासून सुरू होऊन उजवीकडून डावीकडे जातं आणि अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी असतात. आधी नाक कुठे वळलंय ते पाहा, मग वाचायला लागा. अर्धा तास मी एक नाव उलटं वाचत बसले होते, हे उगाच लपवत नाही.

चित्रकार क्लेइतियासला नावं लिहायचा सोसच होता. अकिलिस ट्रॉयच्या राजपुत्राचा, त्रोयलोसचा पाठलाग करतो त्या पट्ट्यात घोड्याखाली एक घागर पडलीय, तिच्याशेजारी ‘हुद्रिया’, म्हणजे पाण्याची घागर, असं लिहिलंय. कारंज्याच्या घराला ‘क्रेने’, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रियाम बसलाय त्या आसनाला ‘थाकोस’. ताई म्हणाली, "बालवाडीतल्या भिंतीसारखं आहे, खुर्ची, टेबल, खिडकी." सुरुवात इथूनच करा. वस्तू डोळ्यांपुढे असते, त्यामुळे अक्षरं पटकन बसतात.

खरी मजा मानेवरच्या रथशर्यतीत आहे. अकिलिसचा मित्र पात्रोक्लस याच्या मृत्यूनंतरचे खेळ. शेवटी तिवईच्या बक्षिसाशेजारी अकिलिस उभा. रथ हाकणारे पाचही जण जवळपास सारखेच दिसतात. कोणाकडे काही खूण नाही. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गातली यादी मला पाठ होती: एउमेलोस, दिओमिदिस, मेनेलाऊस, अँटिलोकस, मेरिओनिस. त्यामुळे न वाचताच नावं लावायचा मोह झाला. मग वाचलं. दिओमिदिस आहे, बाकीचे चारही नाहीत. त्यांच्या जागी दामासिप्पोस, औतोमेदोन असे लोक, आणि सर्वांत पुढे ‘ओलुतेउस’. हा कोण? ओडिसियसच! अथेन्सच्या भांड्यांवर त्याचं नाव ‘ल’नेच लिहितात. होमरच्या शर्यतीत तो धावतो, कुस्ती खेळतो, पण रथ हाकत नाही. नावं नसती तर आपण सगळ्यांनी होमरची यादी या चित्रावर चिकटवली असती आणि कोणी हरकतही घेतली नसती. क्लेइतियासला वेगळी कथा माहीत होती की त्याने आपल्या मनाने नावं घातली, हे चित्र सांगत नाही.

काही वेळा मात्र खूणच बोलते. मिरवणुकीत जवळपास सगळे बाजूने दिसतात. वाइनचा देव डायोनायसस मात्र खांद्यावर जड भांडं घेऊन थेट आपल्याकडे पाहतो. पलीकडच्या बाजूला खेचरावर बसून येतोय तो लंगडा लोहारदेव हेफेस्टस, त्याचं एक पाऊल उलटं वळलंय. नाव झाकलं तरी हे दोघे चुकणार नाहीत.

जाणाऱ्यांनी छोटी दुर्बीण नक्की न्यावी. वरच्या पट्ट्यांतली अक्षरं काचेबाहेरून डोळ्यांना लागत नाहीत. भांड्याला पूर्ण फेरी मारा, दोन्ही बाजूंच्या कथा वेगळ्या आहेत, आणि कानांवर मेलेल्या अकिलिसला उचलून नेणारा अजॅक्स आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नंतरच्या काळ्या पार्श्वभूमीच्या भांड्यांवर नावं लालसर रंगात असत आणि तो रंग उडतो. तिथे समोरून काही दिसत नाही. खाली वाकून तिरक्या उजेडात पाहा, म्हणजे चकाकीवर अक्षराचा मंद डाग दिसतो. संग्रहालयाच्या वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

रोमला जाणार असाल तर व्हॅटिकन संग्रहालयांच्या एट्रस्कन विभागात एक्सेकियास या अथेन्सच्या कुंभार-चित्रकाराचं भांडं शोधा: अकिलिस आणि अजॅक्स पटावर खेळतायत. इथे निरनिराळ्या प्रकारचे लेख एकत्र आहेत आणि मी तिथे पुन्हा फसले. दोघांची नावं षष्ठीत आहेत, म्हणजे ‘अकिलिसचा’, ‘अजॅक्सचा’, म्हणून शेवटचं अक्षर अनोळखी वाटतं. तोंडातून निघालेले शब्द ही नावं नव्हेत, ते फाशांचं दान आहे: अकिलिसचे ‘तेसारा’, चार, आणि अजॅक्सचे ‘त्रिआ’, तीन. शिवाय ‘ओनेतोरिदेस’ असं तिसरं नाव आहे. मी चित्रात तिसरा माणूस शोधत बसले. नावापुढे ‘कालोस’, म्हणजे देखणा, असं लिहिलेलं ताईने कागदावरची अक्षरं लावून माझ्याआधी वाचलं. तो अथेन्समधला कोणी कौतुकाचा तरुण, चित्रात नाहीच.