पहिले बूट ‘जरा मोठेच’ का नकोत

“बाळ आता चालायला लागलंय. पहिले बूट कोणते घेऊ? आणि पाय भराभर वाढतात, तर जरा मोठेच घेऊन ठेवले तर चालेल ना?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लहान मुलांच्या चपला-बुटांचं दुकान चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो.

घरात बूट नकोतच. अनवाणी पायाला फरशी कळते, बोटं जमीन धरायला शिकतात. गुळगुळीत टाइल्सवर साधे मोजेसुद्धा घालू नका, पाय सटकतो. मूल न धरता चालायला लागलं आणि बाहेर खडी, तापलेला डांबरी रस्ता आला, की मग बूट. ते फक्त पायाचं रक्षण करतात, चालायला शिकवत नाहीत.

बूट हातात घ्या आणि टाच व पुढचं टोक धरून वाकवा. चालताना पाय चवड्यापाशी, म्हणजे बोटांच्या मुळाशी दुमडतो. बूटही तिथेच आणि दोन बोटांच्या जोराने दुमडायला हवा. मधोमध मोडला किंवा वाकलाच नाही, तर परत ठेवा. पी-पी वाजणाऱ्या बुटांचा सोल बहुधा जाड असतो, मूल पाय आपटत चालतं. आतून कमानीला उंचवटा आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, तळवा सपाटच दिसतो.

आता ‘जरा मोठेच’चं. मागच्या महिन्यात एक आजी चौदा महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या. मी संध्याकाळीच बोलावलं होतं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मुलीला कागदावर उभं केलं. बसलेल्या मुलाचा पाय मोजला तर माप कमी येतं, वजन पडलं की तळवा पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांभोवती रेघ मारली. डावा ११८ मिलिमीटर, उजवा १२१. असा फरक बहुतेक मुलांत असतो, माप मोठ्या पायाचं धरायचं. त्यात बारा मिलिमीटर मोकळी जागा मिळवली: १३३. दीड-दोन वर्षांपर्यंत पाय महिन्याला साधारण एक-दीड मिलिमीटर वाढतो, म्हणजे ही जागा निम्म्यावर यायला चार-सहा महिने लागतात. तोवर बूट नीट बसतात.

युरोपीय मापाने १३३ म्हणजे २० नंबर. पण नंबरावर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक बदलतो. सुकतळा बाहेर काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. आजींच्या नातीची लांबी बरोबर बसली, पण करंगळीच्या बाजूने मांस सुकतळ्याबाहेर आलं. आजी म्हणाल्या, “मग २१ दे की गं.”

नेमकं हेच करू नये. पुढचा नंबर घेतला की रुंदी थोडीशी वाढते, लांबी मात्र साडेसहा मिलिमीटरने वाढते. टाच आत सरकते, बोटं बूट धरून ठेवायला आखडतात, आणि बुटाची दुमड चवड्याच्या पुढे जाते. मूल अडखळतं, आणि घरचे म्हणतात अजून नीट चालता येत नाही. आम्ही त्याच २० नंबरात पुढून गोल, रुंद पंजाचा दुसरा नमुना घेतला, रुंद पट्ट्याचा वेलक्रोवाला. आता बाजूने अंगठा फिरवला तर वरचं कापड किंचित चिमटीत येत होतं. इतकीच सैल जागा हवी.

घट्ट बुटाची तक्रार मूल करत नाही. पायातली बरीच हाडं अजून कूर्चेची असतात, दाबाने वाकतात आणि फारसं दुखत नाही. म्हणून ‘तिला काही त्रास नाही’ हा पुरावा धरू नका. वरून अंगठ्याने दाबून पाहण्यातही अर्थ नाही, मूल बोटं आत ओढून घेतं. दर सहा-आठ आठवड्यांनी कागद आणि सुकतळा पुन्हा काढा. पुढची जागा पाच-सहा मिलिमीटरवर आली, किंवा बूट काढल्यावर करंगळीवर, टाचेवर लाल वळ दिसले आणि ते पटकन गेले नाहीत, तर बूट बदला, मग तो नवाकोरा का दिसेना.

कर्नाटकातल्या २३०० मुलांच्या १९९२च्या एका पाहणीत बूट घालणाऱ्यांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के आढळलं, न घालणाऱ्यांत २.८. ती मुलं चार ते तेरा वर्षांची होती, आणि अशा पाहणीवरून बूटच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही. तरी बंद बूट दिवसभर पायात ठेवायची घाई का नको, हे त्यावरून लक्षात येतं.

आणि भावंडाचे जुने बूट? सोल एका बाजूने झिजला असेल किंवा आत पहिल्या पायाचा खळगा पडला असेल, तर नको. एखाद्या लग्नात घातलेले, तळ कोरा असलेले बूट मात्र मोजून खुशाल घाला.