कुठला खर्च कुठल्या तारखेचा?

दौऱ्याच्या खर्चाचा क्लेम आज एकदाचा पाठवला. बेरजेला काय, पाच मिनिटं पुरतात. वेळ खातं ते कुठला स्क्रीनशॉट कुठल्या तारखेखाली घालायचा हे ठरवणं.

फोनची गॅलरी काही कामाची नाही. ती स्क्रीनशॉट काढल्याची तारीख दाखवते, आणि मी ते बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी एकदम काढते. कार्डाच्या स्टेटमेंटमधली तारीखही पुढे-मागे होते. म्हणून पावतीच उघडायची आणि तिच्यावरची तारीख-वेळ वाचायची.

१४ तारखेनेच सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. रात्रीची कॅब ११:५० ला निघाली, पोचले तेव्हा १५ लागली होती. प्रवास सुरू झाला ती तारीख धरली आणि शेऱ्यात तसं लिहिलं. याच कॅबचे दोन स्क्रीनशॉट निघाले, एक ४७० चा, दुसरा ५०० चा. दोन वेगळे प्रवास वाटावेत असे! पण ट्रिप आयडी एकच. वरचे ३० म्हणजे मी नंतर दिलेली टिप, आणि आमच्याकडे टिप मिळत नाही. म्हणून ४७० चाच ठेवला. सकाळची कॅब ३१०. कॅबचे झाले ७८०.

जेवणाला दिवसाची मर्यादा ६००. दुपारचं २६०. रात्रीच्या ऑर्डरवर वर ठळक ४३० दिसतात, पण कूपनचे ४५ वजा जाऊन भरले ३८५, आणि क्लेम भरलेल्या पैशांचाच. एकूण ६४५, म्हणजे ४५ जास्त. पावतीचा ईमेल मध्यरात्रीनंतर आल्यामुळे हे जेवण १५ तारखेत ढकललं असतं तर पूर्ण पैसे सुटले असते. मोह झाला, नाही असं नाही. पण ऑर्डरची वेळ रात्री १०:४० अशी पावतीतच छापलेली आहे, आणि अकाउंट्सवाले नेमकं तेच बघतात.

नोटमध्ये त्या दिवसाचं असं लिहिलं: "१४ तारीख. कॅब ७८० (३१० + ४७०, टिप वगळून). जेवण प्रत्यक्ष खर्च ६४५, मर्यादेनुसार मागणी ६००. दिवसाची मागणी १३८०. रात्रीची कॅब ११:५० ला सुरू, म्हणून याच तारखेत." प्रत्यक्ष खर्च आणि मागणी दोन्ही आकडे लिहिले, की पावत्यांची बेरीज जुळत नाही म्हणून क्लेम परत येत नाही.

स्क्रीनशॉट नीटनेटके दिसावेत म्हणून कापायची सवय मात्र सोडलीय. नकाशा गेला तर चालतो. तारीख, ट्रिप आयडी आणि पैसे कशाने भरले ती ओळ राहिलीच पाहिजे. लांब पावती एका स्क्रीनवर मावली नाही तर दोन तुकडे घेते आणि दोन्हींत एखादी ओळ सारखी येऊ देते, म्हणजे ते एकाच पावतीचे आहेत हे कळतं. फायलींना नावं नोटच्या क्रमाने दिली: १४-कॅब-३१०, १४-कॅब-४७०, १४-जेवण-२६०, १४-जेवण-३८५.

१५ आणि १६ ला असलं काहीच नव्हतं. ते दोन दिवस चहा संपायच्या आत उरकले.