दोन्ही खिडक्या काळ्या: व्हिडिओ कॉलच्या फोटोंच्या ओळी, जानेवारीपर्यंतची प्रगती

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की, इंग्लंडमध्ये लीड्सला राहणाऱ्या मैत्रिणीबरोबरच्या कॉलचे स्क्रीनशॉट छापून अल्बम करायचा आणि प्रत्येकाखाली दोन ओळींपेक्षा जास्त काही लिहायचं नाही. अल्बम पुढे सरकतोय. दोन ओळींचा नियम मात्र रोज भांडायला उठतो, कारण या फोटोंची अडचणच अशी आहे की एका चौकटीत दोन वेळा असतात आणि त्यातली एकही धड दिसत नाही.

उन्हाळ्यातले फोटो सोपे गेले. जूनमध्ये पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात तेव्हा लीड्सला संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आणि तिथे सूर्य मावळायला साडेनऊच्या पुढे जातात. माझ्या मागे कोथरूडची काळीकुट्ट खिडकी, तिच्या गालावर पिवळं ऊन. सगळं काम फोटोच करतो. त्याखाली मी एवढंच लिहिलं: ‘रात्रीचे साडेदहा. ऊन तिच्याकडचं.’ फोटोत जे दिसतंय त्यावर ओळीने आणखी भार टाकू नये, असं माझं मत पक्कं होत चाललंय.

खरी परीक्षा दिवाळीच्या फोटोने घेतली. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. माझ्या कपाळावर, कानाच्या पाळीपर्यंत उटणं लागलेलं, खांद्यावर जुना पंचा. खालच्या चौकटीत ती, डोक्यावर टोपी ओढलेली, हातात कप, डोळे बारीक झालेले. माझी खिडकी काळी, तिचीही काळी. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, दोघी एकाच शहरात आहेत आणि एकीला पहाटे उठायचा कंटाळा आलाय. प्रत्यक्षात पुण्यात पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि लीड्सला रात्रीचे बारा चाळीस. ती उठलेली नव्हतीच, अजून झोपायची होती.

पहिली ओळ सुचली ती ‘अंतर कितीही असो, दिवाळी सोबतच’. ही ओळ गणपतीच्या फोटोला चालते, वाढदिवसाला चालते, विमानतळावरच्या निरोपालाही चालते. जी ओळ शेजारच्या फोटोखाली सरकवली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, ती मी खोडते. मग नुसत्या वेळा लिहून पाहिल्या: ‘पुणे ५:१०, लीड्स १२:४०’. बरोबर होतं, पण स्वारगेटच्या वेळापत्रकाच्या फळ्यासारखं. वाचणाऱ्याला गणित कळतं, पण ती का जागी आहे ते कळत नाही. आणि या फोटोतली जवळीक नेमकी त्या ‘का’मध्ये आहे. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं होतं, तरी मी अंघोळीला निघायच्या आधी एकदा बघायचं म्हणून ती बसून राहिली होती.

शेवटी ठरलं ते असं:

‘नरक चतुर्दशी, २० ऑक्टोबर २०२५. मी पाचला उठले, ती तोवर झोपलीच नाही.
पुणे पहाटे ५:१०, लीड्स रात्री १२:४०.’

वेळा दुसऱ्या ओळीत ठेवल्या, कारण आधी माणसं वाचली जावीत आणि आकडे पुरावा म्हणून मागून यावेत. उलट क्रमाने ठेवलं तर वाचणारा वजाबाकी करत बसतो. मैत्रिणीला पाठवली तेव्हा तिचं उत्तर आलं, “अगं, कप चहाचा नव्हता, सूप होतं. लिहू नकोस मात्र.” लिहिलं नाही.

इथे एक भानगड आहे जी अल्बम करणाऱ्या प्रत्येकाला भेटणार, म्हणून जरा थांबून सांगते. कॉलवर आपलं स्वतःचं चित्र आपल्याला आरशासारखं उलटं दिसतं आणि समोरच्याला सरळ दिसतं. स्क्रीनशॉट जो काढतो, त्याच्या फोनवर जे दिसतं तेच उमटतं. माझ्या मागच्या भिंतीवर तुळशीबागेतून आणलेलं घड्याळ आहे, ज्यावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत. दिवाळीच्या फोटोत ते पाच दहा न दाखवता सहा पन्नास दाखवतं. खाली मी ५:१० लिहिलंय, वर घड्याळ ६:५० म्हणतंय, आणि वाचणाऱ्याला वाटणार ओळ चुकली. ओळखायची युक्ती सोपी आहे: फोटोतली वेळ आणि खरी वेळ यांची बेरीज बारा तास येत असेल तर चित्र आरशातलं आहे. आकडे असलेलं घड्याळ असतं तर उलटे आकडे लगेच डोळ्यात भरले असते. रेघांचं घड्याळ बेमालूम खोटं बोलतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, फोटोच्या ॲपमध्ये फक्त आपली चौकट कापून, आडवी फिरवून परत बसवायची. मी हे केलं, पण मग माझा भांग दुसऱ्या बाजूला गेला आणि आईने विचारलं की ही कोण. दुसरा आणि जास्त शहाणपणाचा उपाय म्हणजे ज्याच्या मागे वाचायजोगं काही आहे, त्याच्या समोरच्याने स्क्रीनशॉट काढायचा. फोटो कुणाच्या फोनवरून काढायचा हे ओळ सुचायच्या आधी ठरवायला हवं, हे मला डिसेंबरच्या फोटोने शिकवलं.

डिसेंबरमध्ये खिडक्यांची पंचाईत आणखी वाढते. लीड्सला वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास चारच्या आधीच सूर्य मावळतो. म्हणजे तिच्याकडे अजून कामाचे तास चालू आणि खिडकी काळी. माझ्याकडे जेवणं आटोपून ओटा पुसून झालेला आणि खिडकी काळी. दोघी स्वेटरमध्ये, कारण पुण्यातही त्या आठवड्यात थंडी होती. फोटोत वेळेचा एकही धागा उरत नाही.

आता हिवाळ्यात आपल्यात आणि तिच्यात साडेपाच तासांचं अंतर असतं. उन्हाळ्यात ते साडेचार असतं, कारण ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. दिवाळीचा फोटो २० ऑक्टोबरचा, घड्याळं मागे गेली २६ ला, म्हणून तिथे साडेचारच. साडेपाच तासांच्या अंतराची एक जुनी गंमत आहे, जी दोन देशांत कुटुंब विभागलेल्या अनेक घरांत ठाऊक असते: काट्यांचं घड्याळ खालची बाजू वर करून उलटं धरलं की तिथली वेळ वाचता येते. आपले रात्रीचे दहा वाजलेले असतात तेव्हा तास काटा दहावर आणि मिनिट काटा बारावर असतो. घड्याळ उलटं केलं की तास काटा चारवर, मिनिट काटा सहावर. साडेचार. मिनिट काटा प्रत्येक वेळी अचूक पडतो. तास काटा मात्र असायला हवा त्यापेक्षा अर्धं घर मागे असतो, म्हणून पूर्ण तासाची वेळ निवडली की वाचायला सोपं जातं.

तर २१ डिसेंबरला, रविवारी, रात्री बरोबर दहाला मी मनगटावरचं घड्याळ काढून कॅमेऱ्यासमोर उलटं धरलं. माझ्या फोनवरच्या चित्रात ते आरशामुळे साडेआठ दाखवत होतं, म्हणजे ना धड पुण्याची वेळ ना लीड्सची. तिच्या फोनवर मात्र साडेचार, आणि तिच्या फोनच्या वरच्या कोपऱ्यातही १६:३०. ठरल्याप्रमाणे स्क्रीनशॉट तिने काढला. ओळ:

‘माझं घड्याळ, तिची वेळ. उलटं धरलंय, बंद पडलेलं नाही.
पुणे रात्री १०, लीड्स दुपारी ४:३०. २१ डिसेंबर २०२५.’

‘दुपारी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. मागे काळी खिडकी दिसत असताना दुपार म्हटलं की वाचणारा क्षणभर अडखळतो आणि फोटोकडे परत बघतो. तिला तो मान्य नव्हता. “साडेचार म्हणजे संध्याकाळ गं, इथे तर रात्रच,” म्हणाली. पण पुण्यात साडेचारला चहा टाकतात, आणि अल्बम पुण्यात राहणार आहे.

फाईलींबद्दल थोडक्यात. आमच्या स्क्रीनशॉटच्या नावात त्या त्या फोनची स्थानिक वेळ असते, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली बरीच माहिती गळून जाते. त्यामुळे आम्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. माझ्या आणि तिच्या फाईली एका फोल्डरमध्ये टाकल्या की क्रम बिघडतो. माझा रात्री एकचा फोटो आणि तिचा त्याच क्षणाचा फोटो वेगवेगळ्या तारखांखाली जाऊन बसतात. म्हणून कॉम्प्युटरवर `exiftool` या प्रोग्रॅमने वेळेबरोबर त्या वेळेचा ग्रीनिच वेळेपासूनचा फरकही लिहून ठेवते आणि ओळसुद्धा फाईलीतच भरते. डिसेंबरचा फोटो तिच्या फोनवरचा, म्हणून तिची वेळ आणि तिचा फरक:

```
exiftool -DateTimeOriginal="2025:12:21 16:30:00" \
 -OffsetTimeOriginal="+00:00" \
 -XMP-dc:Description="माझं घड्याळ, तिची वेळ." photo.jpg
```

माझ्या फोनवरचा असता तर फरक `+05:30`. दिवाळीचा तिच्या फोनवरून काढला असता तर `+01:00`. ओळ फाईलीतल्या `XMP` या माहितीच्या रकान्यात टाकण्याचं कारण देवनागरी तिथे बिनतक्रार राहते; जुन्या `IPTC` रकान्यात अक्षरसंच वेगळा सांगावा लागतो, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. फोल्डर वेळेप्रमाणे लावताना मात्र प्रत्येक प्रोग्रॅम हा फरक वाचतोच असं नाही, म्हणून नावाच्या सुरुवातीला मी पुण्याची वेळ हाताने घालते.

पुढचं काम २९ मार्चला. त्या रविवारी अंतर पुन्हा साडेचारावर येईल आणि उलट्या घड्याळाची युक्ती ऑक्टोबरपर्यंत बंद. तिने सुचवलंय की आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, पुण्याच्या एकाच वेळेला एकेक फोटो काढायचा: माझ्याकडे दोन्ही दिवशी रात्रीचे साडेआठ, तिच्याकडे एकदा तीन आणि एकदा चार. दोन्ही फोटो शेजारी छापायचे आणि ओळ एकच. ती ओळ अजून सुचलेली नाही. दोन्ही दिवशी तिने तोच स्वेटर घालावा एवढं मात्र कबूल करून घेतलंय.