क्लिक आलाच नाही: क्लच कव्हरच्या एका बोल्टची गोष्ट

कोथरूडच्या पार्किंगमध्ये १५० सीसी बाइकच्या क्लच प्लेट बदलून मी कव्हर लावत होतो. नवं गॅस्केट नाना पेठेतून आणलं होतं आणि ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की क्लिक करणारा मित्राचा अर्ध्या इंची टॉर्क रेंच हाताशी होता. कव्हरचे बोल्ट एम६, सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे १० न्यूटन-मीटर. रेंचवरचा सगळ्यात खालचा आकडा मात्र २८. मूठ त्याहून खाली फिरवली की १० च्या आसपास येईल, असं मी धरून चाललो. चूक तिथेच झाली.

तिसऱ्या बोल्टला क्लिकची वाट बघत मी ओढत राहिलो. हाताला आधी चांगला ताण लागत होता, मग एकाएकी तो मऊ पडला. बोल्ट फिरत होता, पण घट्ट होत नव्हता. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आली होती. बोल्ट पोलादी, म्हणून तो शाबूत राहिला. केसिंगचे आटे गेले.

शेजारचे काका भोसरीच्या मशीन शॉपमध्ये अनेक वर्षं होते. त्यांनी बोल्ट हातात घेऊन पाहिला. "अरे, याला तेल लावलं होतंस का?"

"हो काका, गंजू नये म्हणून."

"मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर लावायचं नाही. तेलाने घर्षण कमी होतं. मग आकडा तोच राहतो, पण बोल्ट जास्त ताणला जातो."

दुरुस्तीला हेलिकॉइल, म्हणजे छिद्राला नवे आटे देणारी तारेची कॉइल, बसवायचं ठरलं. इंजिनच्या उघड्या भागात कापड कोंबलं. ६.३ मिमीच्या ड्रिल बिटला छिद्राच्या खोलीइतक्या अंतरावर टेप गुंडाळली, म्हणजे तळ फुटणार नाही. बिटला ग्रीस फासलं, त्यात कीस चिकटून राहतो. काकांनी बिट सरळ आहे का ते दोन बाजूंनी पाहिलं आणि मगच मशीन चालू करू दिलं. मग छिद्रात आटे पाडणारा किटमधला टॅप: अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. साधा एम६ टॅप इथे चालत नाही, कारण कॉइलला बाहेरून जागा लागते. कॉइल पृष्ठभागाच्या अर्धा वेढा खाली बसवली, तिची शेपटी तोडली आणि तो तुकडा चिमट्याने बाहेर काढला.

मग ५ ते २५ न्यूटन-मीटरचा पाव इंची रेंच आणला. छिद्रं कोरडी केली, कारण बंद छिद्रात तेल साचलं तर बोल्ट ते दाबतो आणि केसिंगला तडाही जाऊ शकतो. प्रत्येक बोल्ट कार्डबोर्डवर त्याच्या जागेप्रमाणे खोचून ठेवला होता. लांबी वेगवेगळी असते, आखूड बोल्ट चुकून खोल छिद्रात गेला तर दोन-तीनच आटे पकडतो. सगळे आधी बोटांनी बसवले. मग समोरासमोरचे बोल्ट घेत ६ वर एक फेरी, १० वर दुसरी. मूठ हळू ओढली, क्लिक आला की लगेच थांबलो. त्याच बोल्टला पुन्हा क्लिक देण्याची खोड मी तेव्हापासून सोडली. प्रत्येक वेळी बोल्ट थोडा आणखी फिरू शकतो.

दुरुस्त केलेल्या बोल्टला सातव्या सेकंदाला क्लिक आला. काकांनी रेंच माझ्या हातातून घेतला आणि ठेवण्याआधी त्याची मूठ ५ वर आणली.