वाक्यबदलात फ्रेझल व्हर्ब आलं की ‘इट’ कुठे घालायचं: माझा अनुभव

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत वाक्यबदलाचे 6 प्रश्न असतात. पहिलं वाक्य पूर्ण, दुसऱ्यात रिकामी जागा, आणि सोबत एक शब्द दिलेला. तो शब्द जसाच्या तसा वापरून 2 ते 5 शब्दांत जागा भरायची. फ्रेझल व्हर्बवर इथे गुण जातात ते बहुधा अर्थ न कळल्यामुळे नाही, काळ आणि सर्वनाम एकाच वेळी सांभाळता न आल्यामुळे.

मी आधी काळ ठरवतो. समजा, पहिलं वाक्य आहे: ‘ही हॅज बीन पोस्टपोनिंग द व्हिजिट सिन्स मार्च.’ दिलेला शब्द ‘ऑफ’. दुसरं वाक्य: ‘अ‍ॅज फॉर द व्हिजिट, ही … सिन्स मार्च.’ पोस्टपोनच्या जागी ‘पुट ऑफ’ येणार हे लगेच कळतं. मग मूळ क्रियापदावर पेन्सिलने खूण करतो: ‘हॅज बीन’ आणि ‘-इंग’. हा सगळा साज ‘पुट’वर चढतो, ‘ऑफ’ला हात लागत नाही. मराठीत ‘काढून टाकलं’ म्हणताना काळ शेवटच्या शब्दावर येतो, म्हणून आपल्याकडे ‘टर्न डाउन्ड’सारखी रूपं लिहिली जातात.

आता कर्म. ‘व्हिजिट’ वाक्यात आधीच येऊन गेलंय, म्हणून ‘इट’ हवं. नाम असतं तर ‘पुट ऑफ द व्हिजिट’ आणि ‘पुट द व्हिजिट ऑफ’ दोन्ही चाललं असतं. सर्वनाम मात्र मधेच बसतं. उत्तर: ‘हॅज बीन पुटिंग इट ऑफ’. बरोबर पाच शब्द. इथे ‘द व्हिजिट’ लिहिलं तर सहा होतात, म्हणजे शब्दमोजणीच चूक दाखवून देते.

पॅसिव्हमध्ये वेगळीच गंमत. ‘दे रिजेक्टेड इट’चं ‘इट वॉज टर्न्ड डाउन’ होतं. कर्म पुढे कर्ता होऊन बसलं, त्यामुळे मधे काही उरत नाही. सवयीने ‘वॉज टर्न्ड इट डाउन’ लिहिणारे पुष्कळ.

प्रत्येक फ्रेझल व्हर्ब मात्र तुटत नाही. ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ चूक. ‘पुट अप विथ इट’सारखी तीन शब्दांचीही बहुतेक वेळा सलगच राहतात. हे नियमाने ओळखण्यापेक्षा मी लर्नर्स डिक्शनरीतली नोंद पाहतो: ‘टर्न समथिंग डाउन’ असं कर्म मधे छापलेलं असेल तर तुटतं, ‘लुक आफ्टर समबडी’ असं शेवटी असेल तर नाही. वहीतही तसंच, ‘समथिंग’सकट उतरवतो.

दिलेला शब्द ‘पुट’ असेल तर जास्त जपावं लागतं, कारण त्याची तिन्ही रूपं सारखीच. ‘ही पुट इट ऑफ’ हा भूतकाळ आहे. वर्तमानात ‘पुट्स’ लागेल, आणि दिलेला शब्द बदलायची तर मुभा नाही. म्हणजे ‘ही’नंतर थेट ‘पुट’ बसत असेल तर पहिल्या वाक्यात भूतकाळ आहे का, ते आधी तपासायचं. नसेल तर ‘विल’, ‘हॅज’ किंवा ‘डझन्ट’सारखा शब्द पुढे हवा.